आकडा आकडाच राहू द्या

हाउसिंग सोसायटीच्या हिशेबात दोन रकमा आहेत: दुरुस्ती निधी 12550000 आणि रंगकाम 875000. एक्सेलमध्ये त्या 1,25,50,000 आणि 8,75,000 अशा दिसाव्यात म्हणून अनेकजण `TEXT` सूत्र वापरतात किंवा सरळ ‘1.25 कोटी’ असं टाइप करतात. इथेच गडबड होते. त्या सेलमध्ये आता रक्कम उरत नाही, अक्षरं उरतात. `SUM` ती मोजतच नाही आणि बेरीज शून्य येते. चढत्या क्रमाने लावलं, तर सव्वा कोटी पौणेनऊ लाखांच्या आधी येतात, कारण तुलना पहिल्या अक्षराची, म्हणजे 1 आणि 8 ची होते. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा आपोआप उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे.

त्यामुळे सेलमध्ये 12550000 हेच ठेवावं आणि ‘फॉरमॅट सेल्स’मधल्या ‘कस्टम’मध्ये हे लिहावं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

पहिला भाग कोटींसाठी, दुसरा लाखांसाठी आणि तिसरा बाकी सगळ्यासाठी. बेरजेच्या सेललाही हेच लावलं, की 1,34,25,000 दिसतं. आत मात्र 13425000 असतं.

याला एक मर्यादा आहे. अटी दोनच घालता येतात, म्हणून उणे रकमाही तिसऱ्या भागात जातात. संगणकाची प्रादेशिक मांडणी भारतीय नसेल, तर उणे पन्नास लाख -5,000,000 असे दिसतात. तुटीच्या रकमांच्या सेलना वेगळं फॉरमॅट द्यावं. सेलमधली रक्कम मात्र बदलू नये.