रेक्टर मार्फत, मा. प्राचार्यांना

सात-आठ वर्षं मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात वायफाय आणि फायरवॉल सांभाळायचं काम केलं. त्या काळात वसतिगृहातून आलेले अर्ज माझ्या टेबलावर पडायचे. रेक्टरांची सही, प्राचार्यांचा ‘तपासून अहवाल द्यावा’ असा शेरा आणि आवक क्रमांक घेऊन कागद यायचा. त्यातला एक नमुना नेहमीचा होता. ‘वसतिगृहाच्या वायफायवर गाण्याचं ॲप चालत नाही, तरी ते सुरू करावं ही नम्र विनंती.’ खाली साठ-सत्तर सह्या. मुलांची गरज खरी असायची, आणि तरीही असे बहुतेक अर्ज मला ‘शक्य नाही’ असं लिहून परत पाठवावे लागले. अर्जात नेमकं काय मागितलंय हेच कळत नव्हतं, आणि नकार द्यायला शब्द लागत नाहीत. परवानगी द्यायला मात्र कुणाला तरी जबाबदारी घ्यावी लागते.

स्पॉटिफायचंच उदाहरण घेऊ. भारतात ते फेब्रुवारी 2019 मध्ये आलं आणि वसतिगृहांच्या अर्जांत त्याचं नाव लगेच दिसू लागलं. वसतिगृहाच्या फायरवॉलवर सहसा कुणी ‘स्पॉटिफाय बंद’ असा नियम लिहिलेला नसतो. फायरवॉल बनवणारी कंपनी इंटरनेटवरच्या जागांचे गट पाडून देते. जुगार, अश्लील मजकूर, खेळ, स्ट्रीमिंग असे ते गट. फायरवॉल बसवताना कुणीतरी ‘स्ट्रीमिंग’च्या चौकटीत खूण करतो आणि चित्रपटांबरोबर गाणीही जातात. म्हणजे बंदी गाण्यावर नसतेच, ती एका ढोबळ गटावर असते. अर्ज करणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, कारण गट बंद ठेवून त्यातलं एक ॲप सोडता येतं.

या बंदीला इतिहासही आहे. 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने नॅपस्टर बंद केलं, कारण मुलांच्या संगणकांतून गाण्यांच्या फाइली इतक्या ये-जा करत होत्या की बाकीच्या कामाला जागा उरेना. विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली. तंत्रज्ञांनी ताण कमी करण्याचा मार्ग काढल्यावर बंदी उठलीही. पण एप्रिलमध्ये मेटॅलिका या बँडने स्वामित्वहक्काचा दावा लावला आणि त्यात नॅपस्टरबरोबर इंडियाना, येल आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनाही प्रतिवादी केलं. इंडियाना आणि येलने लगेच नॅपस्टर पुन्हा बंद केलं. गाणं म्हणजे नेटवर्कवर ताण आणि वर कोर्टकचेरी, ही जोडी तेव्हापासून नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसली. स्पॉटिफायचं संगणकावरचं ॲपसुद्धा 2014 पर्यंत एका वापरकर्त्याच्या यंत्रातून दुसऱ्याला गाण्याचे तुकडे पोहोचवत असे. आता ते फक्त कंपनीच्या सर्व्हरवरून येतं आणि गाण्यांचे परवाने कंपनीकडे असतात. पंचवीस वर्षांपूर्वीची दोन्ही कारणं या ॲपला लागू पडत नाहीत. पण हे अर्जात कुणीतरी लिहायला हवं, प्राचार्य ते आपणहून शोधणार नाहीत.

अर्ज लिहिण्याआधी अडचण नक्की कुठे आहे ते बघावं. ॲपवर ‘A firewall may be blocking Spotify’ असा संदेश आला म्हणजे फायरवॉलच दोषी, असं धरून चालू नये. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच गाणं लावा. तिथे चाललं, तर अडचण वसतिगृहाच्या जाळ्यात आहे. मग वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर या दोन ओळी टाका.

```
nslookup open.spotify.com
curl -I https://open.spotify.com
```

पहिल्या ओळीला उत्तर म्हणून 0.0.0.0 किंवा कॉलेजचा स्वतःचाच, 10 किंवा 192.168 ने सुरू होणारा पत्ता आला, तर नाव विचारण्याच्या पायरीवरच अडवलंय. पत्ता बरोबर आला पण दुसरी ओळ तुटली, तर फायरवॉल जोडणीतलं नाव वाचून ती तोडतंय. दोन्ही ओळी नीट चालल्या आणि ॲप तरीही अडलं, तर मामला वेगळा आहे. स्पॉटिफायचं ॲप 4070 या पोर्टवरूनही बोलतं आणि ते न जमल्यास 443 वर येतं. काही फायरवॉल वेबसाइटला हात लावत नाहीत, पण ॲपची बोलण्याची ढब ओळखून तेवढंच अडवतात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. तिचा निकाल अर्जाला जोडला की संगणक केंद्रातल्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं.

आता ताणाचा हिशोब. बहुतेक अर्जांत इथे ‘गाण्याला फारसा डेटा लागत नाही’ एवढंच असायचं. आकडा दिला की बोलणं बदलतं. फोनवर मध्यम दर्जाचं गाणं सेकंदाला 96 किलोबिट घेतं आणि वरच्या दर्जाचं 160. तासभर ऐकलं तर अनुक्रमे सुमारे 43 आणि 72 एमबी. समजा, वसतिगृहात 400 मुलं आहेत आणि जोडणी 200 एमबीपीएसची आहे. रात्री दहाला त्यातली शंभर मुलं एकाच वेळी 160 च्या दर्जाने ऐकत असली, तर 16 एमबीपीएस लागले. जोडणीचा आठ टक्के. 96 ची मर्यादा घातली तर पाच टक्क्यांच्याही आत. त्याच शंभर मुलांनी 720 चा व्हिडिओ लावला आणि एकेकाने दोन एमबीपीएस घेतले, तर सगळी जोडणी संपली. एका मुलाच्या व्हिडिओच्या जागेत डझनभर जणांची गाणी बसतात, हे कागदावर दिसलं की ‘स्ट्रीमिंग’ हा एकच गट किती ढोबळ आहे ते समजतं.

या हिशोबाला एक मर्यादा आहे आणि ती अर्जदारानेच सांगितली तर त्याच्यावरचा विश्वास वाढतो. ॲपमध्ये गाण्यामागे फिरणारे छोटे व्हिडिओ असतात, व्हिडिओ पॉडकास्ट असतात, आणि काही प्लॅनमध्ये लॉसलेस दर्जा असतो. त्यांचा भार 160 किलोबिटच्या कितीतरी पट होतो. म्हणून नुसतं ‘ॲप सुरू करा’ न म्हणता दर माणशी वेगाची मर्यादाही मागावी. 512 किलोबिटची मर्यादा घातली तर गाणं अडखळत नाही आणि व्हिडिओला मात्र मजा राहत नाही. बहुतेक फायरवॉलमध्ये एखाद्या ॲपपुरती अशी मर्यादा घालता येते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. वसतिगृहात ‘नेट स्लो’ची तक्रार असते तेव्हा दोष बऱ्याचदा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा नसतोच. मजल्यावरच्या एका ॲक्सेस पॉइंटला चाळीस फोन चिकटलेले असतात, आणि टोकाच्या खोलीतला कमजोर सिग्नलचा एक फोन सगळ्यांचा वेळ खातो. गाणं बंद ठेवून ते सुधारत नाही.

साइटचे पत्ते मोकळे करा, असं मागणं मुलांना सोपं वाटतं, पण त्यातच अर्ज फसतो. गाण्याच्या फाइली `scdn.co` आणि `spotifycdn.com` अशा वेगळ्या नावांवरून येतात. आज मोकळा केलेला आकडी पत्ता उद्या बदलतो. मग ॲप उघडतं, गाण्यांची यादी दिसते, पण प्लेचं बटण दाबलं की काहीच वाजत नाही. लॉग-इन चालतं आणि आवाज येत नाही, म्हणजे हेच झालंय असं समजावं. म्हणून ‘ॲप्लिकेशन कंट्रोलमध्ये स्पॉटिफायला परवानगी’ असं मागावं. फायरवॉल कंपनी त्या ॲपची ओळख स्वतःच अद्ययावत ठेवते.

लातूरकडच्या एका मुलाने तिसऱ्या वर्षाला असताना दिलेला अर्ज मी जपून ठेवला होता. त्याच्या खोलीत दोन जण शास्त्रीय संगीत शिकत होते. रात्री रियाजाला तंबोऱ्याचा सूर हवा असायचा आणि मोबाइल डेटा महिन्याच्या मध्यालाच संपायचा. त्याने सह्यांची लांब यादी जोडली नव्हती. अर्ज एका पानाचा होता आणि त्याचा गाभा साधारण असा होता:

> प्रति, मा. प्राचार्य. मार्फत, मा. रेक्टर, मुलांचे वसतिगृह.
> विषय: वसतिगृहाच्या वायफायवर स्पॉटिफाय मर्यादित स्वरूपात सुरू करण्याबाबत.
> महोदय, सदर ॲप ‘स्ट्रीमिंग’ गटात असल्याने बंद आहे. ते रात्री 9.30 ते 11.30 आणि रविवारी दिवसभर, दर विद्यार्थ्यास 512 केबीपीएसच्या मर्यादेत, पंधरा दिवस प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावे. अभ्यासिकेतील वायफाय व परीक्षेचा काळ यातून वगळावा. वापर व्यक्तिगत ऐकण्यापुरता राहील, सभागृहात वा स्नेहसंमेलनात लावला जाणार नाही. पंधरा दिवसांनंतर फायरवॉलच्या अहवालात या ॲपचा वाटा एकूण वापराच्या दहा टक्क्यांवर गेल्यास परवानगी आपोआप रद्द समजावी. तपासणीचा निकाल व हिशोब सोबत जोडला आहे.

यातलं व्यक्तिगत वापराचं वाक्य प्राचार्यांसाठी मोलाचं होतं. ॲपचा परवाना एका माणसाच्या ऐकण्यापुरता असतो, स्पीकरवरून सगळ्या हॉलला ऐकवण्यासाठी नाही. वेळेची अट रेक्टरांसाठी होती, आणि फायरवॉलमध्ये वेळापत्रक लावता येत असल्याने मला ती पाळणं सोपं होतं. दहा टक्क्यांची अट माझ्यासाठी होती. परवानगी परत घ्यायची वाट आधीच आखून दिलेली असली की देणाऱ्याचा हात सैल होतो.

एका मुद्द्यावर त्याने माझ्याशी तोंडी बोलणं केलं आणि तो अर्जात लिहिला नाही, हे त्याचं शहाणपण. बंदीमुळे मजल्यावरच्या बऱ्याच मुलांनी फुकटचे व्हीपीएन टाकले होते. व्हीपीएन चालू असलं की फायरवॉलला त्या फोनमधलं काहीच दिसत नाही. गाणं दिसत नाही आणि घातक साइटही दिसत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांना यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस ठेवायच्या असतात. पण ज्या नोंदीत फक्त ‘अमुक फोन व्हीपीएनला जोडला’ एवढंच उरतं, ती चौकशीच्या वेळी फारशी उपयोगाची नसते. हे लिखित अर्जात आलं असतं तर ती मुलांच्या नियमभंगाची कबुली ठरली असती. संगणक केंद्रात खुर्ची ओढून सांगितल्याने ते माझ्या अहवालात एक कारण म्हणून गेलं, कुणाच्याही नावाशिवाय.

मी अहवालात ‘प्रायोगिक तत्त्वावर शक्य’ असं लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या ॲपचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास निघाला. व्हीपीएनचा वापर कमी झाला, पण संपला नाही, कारण चित्रपट तेव्हाही बंदच होते. परवानगी पुढे चालू राहिली. परीक्षेच्या महिन्यात मी वेळापत्रकातली खूण काढायचो आणि शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी परत लावायचो. त्या संध्याकाळी तो मुलगा केंद्राच्या दारातून डोकावून विचारायचा, “सर, लावलं का?”