टक्केवारीखालचा छेद

सॉफ्टवेअरच्या दर्जाचा डॅशबोर्ड उघडला की दोन आकडे हमखास दिसतात. दुरुस्त म्हणून बंद केलेल्या बगपैकी किती पुन्हा उघडावे लागले, तो रिओपन रेट. आणि कोडच्या दर हजार ओळींमागे किती बग सापडले, ती डिफेक्ट डेन्सिटी. दोन्ही साधे भागाकार. पण कशाला कशाने भागले, हे न पाहता वाचले तर दोन्ही फसवतात.

समजा, एप्रिलमध्ये ८० बग बंद झाले. त्यांतले १२ नंतर पुन्हा उघडले, त्यांपैकी नऊ दुरुस्त होऊन परत बंदही झाले. मे अखेरीस जिरामध्ये `status = Reopened` एवढेच शोधले तर उरलेले तीनच सापडतील आणि रेट चार टक्क्यांच्या आत दिसेल. `status` च्या जागी इतिहास विचारायला हवा: `status WAS Reopened`. मग १२ सापडतात आणि खरा रेट १५ टक्के निघतो.

दुसरी मेख वेळेची आहे. ३० एप्रिलला बंद झालेला बग टेस्टरने अजून तपासलेलाच नसतो, म्हणून चालू महिना नेहमीच चांगला दिसतो. त्यावर उपाय असा, की प्रत्येक बगला बंद झाल्यापासून सारखीच मुदत द्यायची, उदाहरणार्थ ३० दिवस, आणि ती संपेपर्यंत त्या महिन्याचा रेट दाखवायचा नाही.

डेन्सिटीत घोळ होतो तो ओळींच्या मोजणीत. पेमेंटच्या मॉड्यूलमध्ये ८ हजार ओळी आणि २४ बग, म्हणजे हजारी तीन. रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये ४० हजार ओळी आणि ४० बग, म्हणजे हजारी एक. रिपोर्टवाले खूश! पण त्यांच्या ३० हजार ओळी एखाद्या टूलने आपोआप तयार केलेल्या असतील आणि सगळे बग हाताने लिहिलेल्या १० हजार ओळींतच असतील, तर डेन्सिटी चारवर जाते आणि क्रम उलटतो. शिवाय ज्या मॉड्यूलची चाचणीच झाली नाही, तिथे बग सापडणार कुठून? म्हणून डेन्सिटीशेजारी चाचणी किती झाली आणि ग्राहकांकडून किती बग आले, हेही दाखवावे लागते.

हे आकडे कोणाच्या पगारवाढीला जोडले, की ते बिघडलेच म्हणून समजा. टेस्टर जुने तिकीट उघडण्याऐवजी नवे टाकतो. रेट खाली येतो, बग तिथेच राहतो. असे होतेय का, हे ओळखायला नव्या तिकिटांतली काही वाचून जुन्या, बंद तिकिटांशी ताडून पाहावीत.

टक्केवारी एकटी कधीच छापू नका. ‘५० टक्के’ म्हणजे ४ पैकी २ की ८० पैकी ४०, हे तिच्या शेजारीच लिहिलेले असू द्या.