धार बारीक येते का?

माझा मेहुणा सांगलीत सोलर वॉटर हीटर बसवण्याचं काम करतो. दहा वर्षांत त्याने विश्रामबाग, कुपवाड, मिरज या भागांत मिळून दीडशेच्या वर सोलर बसवले. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याने एक नवी सेवा सुरू केली. सोलरच्या टाकीत आणि काचेच्या नळ्यांत साचलेले क्षार काढून द्यायचे, म्हणजे धंद्याच्या भाषेत डीस्केलिंग. जुन्या गिऱ्हाइकांना कळवायचं म्हणून त्याने मेसेज तयार केला आणि मला दाखवला.

‘आदरणीय ग्राहक, आपल्या सेवेत आम्ही घेऊन येत आहोत सोलर डीस्केलिंग सर्व्हिस!! दिवाळी धमाका, 20% सूट, त्वरा करा!’ वर पिवळ्या रंगातलं पोस्टर, त्यात पणत्या.

“दाजी, कसं वाटतंय?” त्याने विचारलं. मी म्हटलं, हाच मेसेज तुला आला असता तर तू वाचला असतास का? तो हसला. दसरा ते दिवाळी या दिवसांत सराफापासून गादीवाल्यापर्यंत सगळ्यांचे असले मेसेज येतात आणि आपण ते अंगठ्याने वर सरकवतो.

‘आदरणीय ग्राहक’ काढून तिथे नाव घातलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण नाव बँकही घालते, विमा कंपनीही घालते. माणसाला आपलं वाटतं ते त्याच्या घरात झालेल्या कामाची आठवण ठेवली तर, आणि ती आठवण मेहुण्याकडे होती. त्याची जाडजूड वही आहे. तिच्यात बसवल्याची तारीख, किती लिटरचा, पाणी बोअरचं की महापालिकेचं, जिना कसा आहे, नंतर काय तक्रार आली, सगळं लिहिलेलं. मेसेज लिहायच्या आधी आम्ही दोन संध्याकाळी ती वही घेऊन बसलो.

पहिलं काम नावं गाळायचं. क्षार साचतात ते मुख्यतः बोअरच्या जड पाण्याने. नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या सोलरला या सेवेची तशी घाई नसते, म्हणून ती घरं बाजूला काढली. दोन वर्षांच्या आतले सोलरही काढले. उरली साठेक घरं. मेहुण्याला हे जिवावर आलं होतं, “सगळ्यांनाच टाकतो की, काय बिघडतंय?” बिघडतं ते असं, की ज्याला गरज नाही त्याला हा मेसेज जाहिरातच वाटणार आणि पुढच्या खेपेला खरंच कामाचं काही असलं तरी तो उघडणार नाही.

साठांतही सहा घरं अशी निघाली की त्यांची जुनी तक्रार अर्धवट राहिली होती. कुणाचा व्हॉल्व्ह गळत होता, कुणाला बदलून द्यायची नळी दिलीच नव्हती. त्यांना मेसेज नाही. आधी फोन, आधी ते काम, नवीन सेवेचं नाव नंतर. नळी यायची वाट बघत बसलेल्या माणसाला ‘आम्ही नवीन सेवा सुरू केली’ असं कळवणं म्हणजे जखमेवर मीठ.

मग मजकूर. बराच खाडाखोड करून शेवटी तो असा झाला:

‘काका, नमस्कार. 2019च्या मे महिन्यात तुमच्या गच्चीवर 200 लिटरचा सोलर बसवला होता. तुमचं पाणी बोअरचं, त्यामुळे एवढ्या वर्षांत टाकीत आणि नळ्यांत क्षार साचले असतील. ते काढून द्यायची सोय आजवर माझ्याकडे नव्हती, आता सुरू केली आहे. अर्धा दिवस लागतो, 1200 रुपये होतात. एखादी नळी फुटकी निघाली तर तिचे वेगळे, पण आधी विचारूनच. पाणी पूर्वीसारखं तापत असेल तर यंदा नाही केलं तरी चालेल. गरम पाण्याच्या नळाला धार बारीक येते का, तेवढं बघून कळवा.’

यात सूट नाही, पोस्टर नाही, उद्गारचिन्हही नाही. पैसे सरळ सांगितले आहेत, कारण ‘दरासाठी संपर्क साधा’ म्हटलं की वाचणारा लगेच सावध होतो. ‘यंदा नाही केलं तरी चालेल’ या वाक्याला मेहुण्याचा सगळ्यात जास्त विरोध होता. मला मात्र तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. मोठ्या गठ्ठ्याने मेसेज पाठवणारा कधी ‘नको असेल तर राहू द्या’ म्हणत नाही. शेवटी विचारलेला प्रश्नही असा आहे, की काकांना त्याचं उत्तर न्हाणीघरात जाऊन, बादली लावून, दोन मिनिटांत मिळतं.

पाठवतानाची एक गफलत सांगण्यासारखी आहे. पहिला मेसेज त्याने नीट लिहिला आणि पुढच्या चौघांना तोच फॉरवर्ड करून टाकला. म्हणजे इतकं घरगुती बोलायचं आणि मजकूर मात्र सगळ्यांना तोच. शिवाय त्यातल्या एकाच्या घरी 200 नव्हे, 150 लिटरचा सोलर होता. त्याचं तिरकस उत्तर आलं, “माझ्याकडचा कधी वाढला?” चुकीचा तपशील हा तपशील नसण्यापेक्षा वाईट. माफी मागून दुरुस्ती केली.

ब्रॉडकास्ट यादी केली तर काम एका फटक्यात होतं, एका यादीत 256 जण बसतात. पण ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि पाच वर्षांपूर्वीच्या सोलरवाल्याचा नंबर किती जण ठेवतात? सगळ्यांना एकच मजकूर जातो हे तर आहेच. गठ्ठ्याने एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते आणि त्रासलेला माणूस 1909वर तक्रार करू शकतो. साठ घरांसाठी हा खटाटोप कशाला? मेहुणा रोज रात्री जेवणानंतर वही समोर घेऊन आठ मेसेज लिहायचा. आठच, कारण दुसऱ्या दिवशी उत्तरं आली तर ती द्यायला आणि आलेली कामं उरकायला वेळ हवा.

उत्तरं सगळी गोड नव्हती. “हे बसवताना का नाही सांगितलं?” असं तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि त्याने तसं कबूल केलं. एका घरून आलं, “साहेब मार्चमध्ये गेले. सोलर चालू आहे.” ज्या नावाने मेसेज पाठवला होता तेच नाव. मेहुणा त्या रात्री पुढचे मेसेज न लिहिता झोपला. दुसऱ्या दिवशी जाऊन काकूंना भेटून आला, क्षारांचा विषय काढला नाही. तेव्हापासून मेसेज टाकायच्या आधी तो त्या गल्लीतल्या एखाद्या ओळखीच्याला विचारून घेतो, घर विकलंय का, माणसं तीच आहेत का.

ज्यांनी काहीच उत्तर दिलं नाही त्यांना आठवणीचा मेसेज धाडायचा का, यावर आमचं जुंपलं. शेवटी ठरलं, नाही. वहीत नावापुढे फक्त तारीख लिहून ठेवली. जानेवारीत, कडक थंडी पडली तेव्हा, मिरजेच्या एका काकांनी ऑक्टोबरचा तो मेसेज शोधून काढला आणि त्यालाच खाली उत्तर दिलं: “झाली बारीक. कधी येतोस?”