‘२८’ म्हणजे कुठले साल?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या जुन्या फेरफारांची यादी संगणकावर उतरवू लागले की पहिली अडचण शतकाची येते. लिहिणाऱ्याने ‘३-११-२८’ एवढेच लिहिलेले असते. त्याच्या काळात कुणाला शंका नव्हती, आपल्याला आहे.

समजा, एका गावचे लागोपाठचे तीन फेरफार आहेत: २१२ वर ३-११-२८, २१३ वर १७-१-२९, २१४ वर ५-६-३०. एक्सेलमध्ये हे तसेच टाइप केले, तर बऱ्याच संगणकांवर ० ते २९ ही वर्षे २०००च्या पुढची आणि ३० ते ९९ ही १९००च्या पुढची धरली जातात. म्हणजे पहिले दोन फेरफार २०२८ आणि २०२९ सालचे, तिसरा १९३०चा! तारखेनुसार यादी लावली की बापाच्या नावावर जमीन चढण्याआधीच मुलाची वारसनोंद दिसते. कुटुंबाचा क्रम असा उलटा झाला तर वाचणाऱ्याला संशय येतो. पण एकटी नोंद असली तर चूक निमूटपणे खपून जाते.

म्हणून वर्षाचा रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा करावा, मूळ दोन आकडे तसेच ठेवावेत आणि पूर्ण साल शेजारी काढावे. सीमा कुठे घालायची? यादीतली दोन आकडी वर्षे चढत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी मोकळी जागा शोधावी. यादी १९२८ ते २०११ची असेल तर १२ ते २७ यांपैकी एकही आकडा येत नाही. सीमा त्या मोकळ्या जागेत, म्हणजे २०वर घालावी. बी२मध्ये दोन आकडी साल असेल, तर:

```
=IF(VALUE(B2)<20,2000,1900)+VALUE(B2)
```

प्रत्येक रकान्याची सीमा वेगळी असते. जन्मतारीख दस्ताच्या तारखेपुढे जाऊ शकत नाही. कर्जफेडीची मुदत मात्र पुढेच जाणार.

यादी शंभर वर्षांहून लांब पसरली की कुठलीच सीमा पुरत नाही. १९२४ आणि २०२४ दोन्ही ‘२४’च. तिथे फेरफाराचा क्रमांक कामी येतो, कारण तो गावापुरता चढत जातो. आणे-पै दिसले तर नोंद बहुधा १९५७च्या दशमान नाण्यांआधीची. ‘जिल्हा कुलाबा’ हाही पुरावा, कारण रायगड हे नाव १९८१चे; पण छापील जुने नमुने नंतरही वापरले गेले असतील, त्यामुळे हस्ताक्षरातला ‘कुलाबा’ मी जास्त मानतो. ‘२९-२-००’ मात्र स्वतःच साक्ष देते: १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते.

आणखी एक फसवणूक शकाची. ‘७८’ हा इसवी सनाचा १९७८ असेल किंवा शके १८७८, म्हणजे १९५६-५७. महिना चैत्र-वैशाख असा लिहिला असेल, तर ती तारीख सूत्रात घालूच नये. बाजूला काढून हाताने तपासावी.