दोन घड्याळांचे पत्र

पुण्यातील एका संशोधनसंस्थेत एक जागा रिकामी आहे आणि आलेल्या अर्जांपैकी अमेरिकेत बॉस्टन येथे शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचा अर्ज निवडसमितीच्या मनास आला आहे, असे समजू. मुलाखत संगणकाच्या पडद्यावरून व्हावयाची आहे. समितीच्या चारही सभासदांना सोयीची अशी वेळ ठरली: मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी साडेसात. आदल्या मंगळवारी, म्हणजे २८ ऑक्टोबरला, कार्यालयातील लेखनिक तसा ई-मेल लिहावयास बसला आहे.

लेखनिक विचारी आहे. नुसती भारतीय वेळ कळवून उमेदवाराला बोटे मोजावयास लावणे त्याला बरे वाटत नाही. तो बॉस्टनचे त्या क्षणीचे घड्याळ पाहतो. ते पुण्याच्या साडेनऊ तास मागे असते. साडेसातातून साडेनऊ तास वजा करून तो लिहितो, ‘मुलाखत ४ नोव्हेंबर रोजी सायंकाळी साडेसात वाजता (बॉस्टन येथील वेळ सकाळी दहा) होईल.’ वजाबाकी बिनचूक आहे. पत्र मात्र एका तासाने चुकले आहे.

याचे कारण त्या दोन मंगळवारांच्या मध्ये आलेल्या रविवारात आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे घेतात. २०२५ साली तो रविवार २ नोव्हेंबरला आला. त्या पहाटे बॉस्टनची उन्हाळी वेळ संपली आणि पुण्याशी असलेले अंतर साडेनऊ तासांचे साडेदहा तास झाले. म्हणून ४ तारखेला पुण्यात साडेसात वाजतील तेव्हा बॉस्टनला नऊच वाजलेले असणार. लेखनिकाने पत्र लिहिण्याच्या दिवसाचे अंतर घेतले. घ्यावयास हवे होते ते मुलाखतीच्या दिवसाचे. उमेदवार लंडनला असता, तर हीच पद्धत त्याला पचून गेली असती; कारण तिकडची घड्याळे २६ ऑक्टोबरलाच मागे गेली होती. आपल्याकडे घड्याळ बारा महिने एकाच चालीने चालते, त्यामुळे दुसऱ्याचे अंतर बदलते ही गोष्ट सहसा मनात येत नाही.

आता पुढे काय घडेल ते पाहावे. पुण्यात चार सभासद साडेसातला पडद्यासमोर बसतील, पाऊण तास वाट पाहतील आणि उमेदवाराला वेळेची किंमत नाही असा शेरा मारून उठतील. बॉस्टनची मुलगी दहाला पाच कमी असताना हजर होईल आणि रिकाम्या पडद्याकडे पाहत बसेल. दोघांच्याही हातात एकच पत्र आहे आणि दोघांनीही ते अक्षरशः पाळले आहे. प्रत्येकजण पत्रात आपल्या घड्याळाची वेळ शोधतो आणि कंसातील दुसऱ्या वेळेकडे ढुंकूनही पाहत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

वास्तविक त्या दुसऱ्या वेळेचा उपयोग निव्वळ सोयीपुरता नाही. दोन वेळा दिल्या की त्या एकमेकींची साक्ष काढतात. एकच वेळ दिली आणि ती चुकली, तर ती चूक ओळखण्याचे साधन वाचणाऱ्याजवळ नसते. दोन दिल्या, तर ताळा पाहता येतो. ताळ्याची रीत सोपी आहे. दोन्ही वेळा ग्रिनिचच्या प्रमाणवेळेत आणाव्या. भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून सायंकाळचे साडेसात म्हणजे ग्रिनिचचे दुपारचे दोन. बॉस्टन हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे, म्हणून तिकडचे सकाळचे दहा म्हणजे ग्रिनिचचे तीन. दोन आणि तीन जुळत नाहीत, तेव्हा पत्रात खोट आहे. ई-मेलसोबत दिनदर्शिकेचे निमंत्रण जोडले असेल, तर त्यात हाच क्षण यंत्राच्या भाषेत `20251104T140000Z` असा नोंदलेला असू शकतो. त्यातील शेवटचे अक्षर ग्रिनिचच्या वेळेची खूण होय, आणि उमेदवाराचा फोन त्यावरून आपोआप सकाळचे नऊ दाखवतो. पत्रात दहा आणि फोनवर नऊ, असे दिसताच उमेदवाराने निमूट एक वेळ निवडू नये. उलट टपाली विचारावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

मुंबईकरांच्या मागच्या पिढ्यांना दोन घड्याळांचा हा संसार परका नव्हता. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली स्थानिक वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही. ती एकोणचाळीस मिनिटे मागे होती, तेव्हा कोणत्या घड्याळाने यावयाचे हे सांगितल्यावाचून एखादी वेळ पुरी होत नसे. त्या काळी निदान अंतर तरी कायम होते.

वेळेला दिलेले नावही फसवे असू शकते. ‘आय. एस. टी.’ ही अक्षरे आपल्याला भारताची वाटतात. आयर्लंड आणि इस्राएल या देशांतही तीच अक्षरे आपापल्या वेळेसाठी वापरतात. त्याऐवजी ‘पुणे येथील वेळ’, ‘बॉस्टन येथील वेळ’ असे गावाचे नाव घालणे उत्तम. गावाला सहसा दोन अर्थ नसतात, आणि उन्हाळी-हिवाळी वेळेचा प्रश्नही त्यात आपोआप सुटतो.

तारखेचे तसेच. ४/११ हा आकडा पुण्यात चार नोव्हेंबर, तर अमेरिकेत अकरा एप्रिल असा वाचतात. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. शिवाय समितीने सकाळी साडेआठची वेळ ठरवली असती, तर बॉस्टनला त्या वेळी आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा वाजले असते. याकरिता वार आणि तारीख दोन्ही वेळांना स्वतंत्रपणे जोडणे आवश्यक ठरते. मध्यरात्रीच्या आसपासची वेळ शक्यतो टाळावीच. ‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हणजे आपल्या बोलीत सोमवारची रात्र, पण यंत्राच्या लेखी तो केव्हाच मंगळवार झालेला असतो.

हे सारे ध्यानी घेऊन लेखनिकाने पत्र पुन्हा लिहिले, तर ते असे होईल: ‘आपली मुलाखत पुणे येथील वेळेप्रमाणे मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी ७.३० वाजता, म्हणजेच बॉस्टन येथील वेळेप्रमाणे मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ९.०० वाजता होईल. २ नोव्हेंबरला आपल्याकडील घड्याळे एक तास मागे जात आहेत, हे येथे धरले आहे. दोन वेळांत विसंगती आढळल्यास पुण्याची वेळ प्रमाण मानावी व आम्हांस कळवावे. आपण बॉस्टनच्या किती वाजता हजर राहाल, ते कृपया उत्तरी लिहावे.’

शेवटचे वाक्य औपचारिक वाटते, पण त्यात खुबी आहे. उमेदवाराचे उत्तर ‘सकाळी नऊ वाजता हजर राहीन’ असे आले, म्हणजे लेखनिकाने कागद मिटावा. ‘ठरलेल्या वेळी हजर राहीन’ असे आले, तर मात्र त्याने पुन्हा एकदा विचारावे.