दहा वर्षांची वॉरंटी, पण कशावर?

फ्रिजच्या दारावर ‘१० वर्षे वॉरंटी’ असा ठसठशीत स्टिकर असतो. कार्डावर मात्र बहुतेकदा दोन ओळी सापडतात: संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि फक्त कॉम्प्रेसरला दहा.

समजा, चौथ्या वर्षी फ्रिज थंड होईनासा झाला आणि कॉम्प्रेसर गेल्याचं निघालं. नवा कॉम्प्रेसर फुकट मिळतो, तरी बिल येतं. कारण बऱ्याच कार्डांत पहिल्या वर्षानंतर गॅस भरणं, मजुरी आणि व्हिजिट चार्ज ग्राहकाकडेच असतात. बिघाड थर्मोस्टॅटचा किंवा पंख्याचा निघाला, तर सुट्या भागाचे पैसेही त्यालाच भरावे लागतात. बदललेल्या कॉम्प्रेसरला सहसा नवी दहा वर्षं मिळत नाहीत. मूळ मुदतीतली उरलेली सहाच मिळतात.

यानंतर वाचायच्या त्या वॉरंटी रद्द करणाऱ्या अटी. अनुक्रमांकाचं लेबल खाडाखोड केलेलं, बाहेरच्या मेकॅनिकने फ्रिज उघडलेला, घरगुती फ्रिज हॉटेलात वापरलेला, ही नेहमीची कारणं. उंदरांनी कुरतडलेली वायरही वॉरंटीत बसत नाही.

म्हणून बिघाड होताच आधी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करावा. बिलाची तारीख, मॉडेल आणि अनुक्रमांक सांगून तक्रार क्रमांक टिपून घ्यावा. तंत्रज्ञ आला की जॉबशीटवर नेमका बिघाड लिहून घ्यावा. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावं. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.