‘छ’च्या शेजारचा रिकामा रकाना

मराठीच्या ध्वनिविचाराचं प्रकरण वाचताना सगळं पटतं, आणि पुस्तक मिटलं की हाती फक्त शब्द उरतात: ओष्ठ्य, मूर्धन्य, स्पर्श, संघर्षी. म्हणून त्या पानांचा एक तक्ता करावा. वरच्या ओळीत स्थानं, म्हणजे हवा तोंडात कुठे अडते ते: ओठ, दात, दातांमागची हिरडी, टाळू, घसा. डाव्या बाजूला प्रयत्न, म्हणजे कशी अडते ते: पूर्ण अडून एकदम सुटते, घासत जाते, नाकावाटे निघते की जिभेच्या कडेने. ‘प’ ओठांच्या रकान्यात आणि पूर्ण अडवणाऱ्या ओळीत पडतो. त्याच घरात फ, ब, भ येतात. गळ्यावर बोट ठेवून थरथर जाणवली तर घोष, ओठांसमोर धरलेला कागद जोरात हलला तर महाप्राण.

इथपर्यंत काम सोपं वाटतं, कारण आपली वर्णमाला मुळातच अशी मांडलेली आहे. क-वर्ग घशाकडे, प-वर्ग ओठांवर. त्यामुळे वर्णमालाच उतरवून काढण्याचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. तक्ता ध्वनींचा असतो, अक्षरांचा नव्हे.

च-वर्गाचंच बघा. ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द सावकाश म्हणा. ‘चार’मध्ये जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो, ‘चारा’मध्ये टोक पुढे दातांच्या मुळाशी जातं. म्हणजे अक्षर एक, पण घरं दोन. हा नुसता उच्चाराचा लहेजा नाही, कारण ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांत फरक फक्त ‘ज’च्या स्थानाचा आहे. अर्थ बदलतो, तेव्हा तक्त्यात वेगळं घर द्यावंच लागतं. दातांकडच्या ध्वनींना आपण नुक्ता देऊ, म्हणजे ओळ अशी दिसेल:

| | दंतमूलीय | तालव्य |
|---|---|---|
| अघोष अल्पप्राण | च़ (चारा) | च (चार) |
| अघोष महाप्राण | — | छ (छत्री) |
| घोष अल्पप्राण | ज़ (जगणे) | ज (जगत) |
| घोष महाप्राण | झ़ (माझा) | झ (माझी) |
| संघर्षी | स (मासा) | श (माशी) |

डावीकडचं दुसरं घर रिकामं आहे. दंतमूलीय ‘छ’ मराठीत नाही. पुस्तकात ही गोष्ट एखाद्या वाक्यात येते आणि वाचणारा पुढे जातो. तक्त्यात मात्र ती डोळ्यांत भरते आणि विचारायला लावते, की बाकी तिघांची जोडी जमली, मग याचीच का नाही?

उत्तर त्याच तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. प्राकृतातला ‘छ’ मराठीत येताना बहुधा अडण्याचं सोडून नुसता घासू लागला. प्राकृतातलं ‘मच्छ’ मराठीत ‘मासा’ झालं, ‘उच्छु’चा ‘ऊस’ झाला. आणि पुढे ‘इ’ असेल तिथे ‘स’ऐवजी ‘श’ आला: ‘मच्छिआ’ची ‘माशी’ झाली. ‘माझा’ दातांशी, पण ‘माझी’ टाळूशी, ही जशी सवय, तशीच ‘मासा’ आणि ‘माशी’ची. ‘इ’ आणि ‘ए’ जिभेला टाळूकडे ओढतात. आज आपण ‘छ’ लिहितो ते बरेचसे शब्द संस्कृतातून किंवा इतर भाषांतून नंतर आलेले आहेत. रिकामं घर चूक नव्हे, ती जुनी वाट आहे. म्हणून तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून ते भरू नका, तिथे आडवी रेघ मारा.

स्थानाबद्दल शंका आली तर ‘स’ म्हणताना जीभ तशीच ठेवून हवा आत ओढा. गार लागतं ती जागा दातांमागे असते. ‘श’च्या वेळी तो गारवा मागे सरकतो.

‘ष’ चं काय करायचं? वर्णमाला त्याला मूर्धन्य म्हणते, पण आज बहुतेक जण ‘भाषा’तला ‘ष’ आणि ‘आशा’तला ‘श’ सारखाच म्हणतात. तुम्ही बोलीचा तक्ता करत असाल तर ‘ष’ला घर नाही. ‘ळ’ला मात्र मूर्धन्य रकान्यात, कडेने हवा जाणाऱ्या ओळीत जागा आहेच: ‘कळ’ आणि ‘कल’ वेगळे.

स्वरांना ही चौकट लागू पडत नाही. तिथे जीभ कुठेच अडवत नाही, त्यामुळे रकाने नसतात, फक्त जागा असतात. म्हणून एक तिरका चौकोन काढतात. डावीकडे जीभ पुढे, उजवीकडे मागे. वर जबडा मिटलेला, खाली उघडा. ‘ई’ डावीकडे वर, ‘ऊ’ उजवीकडे वर, ‘आ’ तळाला, ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही कडांवर मधे. ‘बॅट’ आणि ‘कॉफी’मधले स्वर त्यांच्याखाली, आणि ‘अ’ पोटात. ओठ गोल होतात त्या ‘ऊ’ आणि ‘ओ’ला खूण करा. ‘ऐ’ आणि ‘औ’ साठी ठिपका पुरत नाही, कारण जीभ एका जागी थांबतच नाही. ‘अ’पासून ‘इ’कडे आणि ‘अ’पासून ‘उ’कडे बाण काढावा लागतो. ‘ऋ’ वर्णमालेत स्वरांत असला तरी मराठी माणूस तो ‘रु’ असाच म्हणतो, तेव्हा तो या चौकोनात येत नाही.